एकविसावं पान

मोठ्याबाईंनी पान बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "हे नाही चालायचं. टिंबं उठलेलीच नाहीत. परत छापा म्हणावं."

समोर मूळ प्रत घेऊन बसलेल्या छोटीबाईंनी पेन्सिल कानावर खोचली. "परत? सकाळपासून हे चौथं."

"मग सकाळपासून मशीन चारदा चुकलं."

त्या छापखान्यात अंधांसाठी ब्रेल पुस्तकं निघत. जाड कागदावर उठवलेल्या टिंबांचं पहिलं पान मशीनमधून बाहेर पडलं की ते मोठ्याबाईंच्या बोटांखाली यायचं. त्या मोठ्याने वाचायच्या, छोटीबाई साध्या छापील प्रतीवर डोळे ठेवून ऐकायच्या, आणि दोघींचं जुळलं की बाकीच्या प्रती निघायच्या. मोठ्याबाई जन्मापासून अंध. सव्वीस वर्षं हेच काम. त्यांच्या बोटाखालून चूक निसटली असं एकदाही झालं नव्हतं, असं साहेब पाहुण्यांना सांगायचे.

मोठ्याबाई हे नाव मानाचं की मापाचं, असं कुणी विचारायला धजत नसे. त्या स्वतःच सांगायच्या, "दोन्हीचं." चार वर्षांपूर्वी वजन एकशे अठरा किलो होतं, गुडघे गेले होते, साखर आटोक्याबाहेर होती. मग पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जठराचा वरचा अंड्याएवढा तुकडा वेगळा करून तो थेट खालच्या आतड्याला जोडला. उरलेलं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग जागेवरच राहिला, पण अन्न आता त्या वाटेने जात नव्हतं. वजन एकोणसत्तरवर आलं, साखरेच्या गोळ्या सुटल्या, जिना एका दमात चढता येऊ लागला. नाव मात्र राहिलं. छोटीबाईंचं नाव त्या नावाला जोड म्हणून पडलं होतं. दोन मुलांची आई, चाळिशी ओलांडलेली बाई, पण छोटीच.

मशीनवरचे मिस्तरी हात पुसत दारात आले. "काय म्हणतंय आमचं लेकरू?"

"लेकरू नीट जेवलेलं नाही," मोठ्याबाई म्हणाल्या. "दाब कमी पडतोय. 'म' आणि 'न' यांच्यात एका टिंबाचा फरक. ते टिंब मला शोधावं लागतंय."

"बाई, दाब पाचावर असतो. तुम्ही म्हणालात म्हणून सहा केला. गेल्या आठवड्यात सात. आता आठ केला तर कागद फाटेल."

"फाटेल तेव्हा बघू."

"तुमचं म्हणजे ना," मिस्तरी म्हणाले, "सासू बरी." पण ते दाब वाढवायला गेले. या बाईंच्या बोटांवर शंका घ्यायची, म्हणजे घड्याळ बघून सूर्याला उशीर झाला म्हणण्यासारखं, असं त्यांना वाटायचं.

या खटपटीत मोठ्याबाईंची दुपारच्या जेवणाची वेळ टळली. एरवी त्या वेळेला फार जपायच्या. लहानसा डबा, लहान चमचा. प्रत्येक घास तीस वेळा चावायचा, असं आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं. त्यांनी त्या तिसाला देवाचं नाव जोडून टाकलं. घास चावून होई तोवर तीस वेळा नाम. जेवताना पाणी नाही. पाणी अर्ध्या तासाने. छोटीबाई चेष्टेने म्हणायच्या, "तुमचा डबा संपेपर्यंत माझी मुलं पदवीधर होतील."

त्या दिवशी मात्र हात थरथरू लागले. छोटीबाईंना काळजी वाटली. त्यांनी आपल्या पिशवीतली फळांच्या रसाची बाटली काढली आणि पेला भरून पुढे केला. "घ्या, नुसता रस आहे. साखर नाही घातलेली."

बाटलीवर बारीक अक्षरात काय लिहिलं होतं ते छोटीबाईंनी वाचलं नव्हतं. मोठ्याबाईंनी अर्धा पेला घेतला. गोडी त्यांना चटकन कळायला हवी होती. पण गेले काही महिने जीभ हुळहुळत होती, चहाने भाजल्यासारखी, आणि चव बोथट झाली होती. कळलं तेव्हा पेला अर्धा रिकामा होता.

"छोटे," त्या हळूच म्हणाल्या, "यात साखर आहे गं."

पंधरा मिनिटांत व्हायचं ते झालं. पोटात पीळ पडला, गुडगुडू लागलं. छाती धडधडायला लागली, कपाळावर घाम. कसं-बसं न्हाणीघर गाठून त्या परत आल्या आणि कागदाच्या गठ्ठ्यांवर आडव्या झाल्या. छोटीबाई पुठ्ठ्याने वारा घालत रडवेल्या झाल्या.

"रडतेस काय? मरत नाहीये मी. याला डम्पिंग म्हणतात. जठराच्या खाली एक दार असतं बघ, थोडं-थोडं सोडणारं. माझं ते दार आता वाटेत येतच नाही. गोड गेलं की धबदिशी आतड्यात पडतं, आणि आतडं ते पातळ करायला अंगातलं पाणी ओढून घेतं. म्हणून ही धावपळ. अर्ध्या-पाऊण तासात उतरेल."

"आणि मग बरं?"

"मग दोन तासांनी दुसरा हप्ता. साखर एकदम रक्तात चढते, शरीर घाबरून जास्तीचं इन्शुलिन सोडतं, आणि साखर पार खाली. तेव्हा भोवळ. तेव्हा मला जपून थोडंसं दे, पेलाभर नको."

मिस्तरी दारात येऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "हात का चोळताय सारख्या?"

"मुंग्या येतात. तेही यातलंच."

"आजच येतात की रोज?"

"रोजच कुठलं ना कुठलं गोड पोटात जातंच की, मिस्तरी. दुधातही असतं." त्या हसल्या. ऑपरेशनची सगळी माहिती त्यांनी इतकी मन लावून शिकून घेतली होती, की शरीर काहीही म्हणालं तरी त्यांच्याकडे उत्तर तयार असायचं. पायऱ्यांवर तोल जातो? साखर उतरली असेल. तळव्यांखाली कापूस ठेवल्यासारखं वाटतं? वजन घटलं, पायाची गादी गेली. जिभेचं कारण चहा. आणि टिंबांचं कारण मशीन.

आठवड्याभराने अंध मुलांच्या शाळेतून पत्र आलं. साहेबांनी ते दोघींच्या खोलीत येऊन वाचून दाखवलं. नवीन पाठ्यपुस्तकाची पानं बोटाला टोचतात, काही टिंबं फुटून कागदाला भोकं पडली आहेत, लहान मुलं पुस्तक हातात घ्यायला कंटाळतात.



"दाब आठावर आहे," मिस्तरी शेवटी म्हणाले. "मी जुन्या पानांवरच्या टिंबाची उंची मोजून घेतली आज. पाचावर असताना टिंब बरोबर अर्ध्या मिलिमीटरचं होतं. तेवढंच असायला हवं."

साहेब माणूस वाईट नव्हते. पण विचारायला हवं ते त्यांनी विचारलं. "मग मोठ्याबाई, मशीन बरोबर आहे तर चुकतंय काय?"

मोठ्याबाईंचे हात टेबलावर होते. त्यांनी ते मांडीवर घेतले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या बोटांकडे बोट दाखवलं होतं. ही बोटं म्हणजे त्यांचे डोळे, त्यांची नोकरी, आणि रोज सकाळी देवाशी होणारं बोलणंही. ती गेली तर मागे काय उरणार होतं?

"उद्या मी माझं प्रार्थनेचं पुस्तक आणते," त्या म्हणाल्या. "शाळेत असताना बक्षीस मिळालेलं. पस्तीस वर्षं झाली, टिंबं झिजून चपटी झालीत. ते मी रोज एक पान वाचते, एकही अक्षर न अडखळता. तुमच्या सगळ्यांसमोर वाचून दाखवते. झिजलेलं वाचता येतं आणि नवीन वाचता येत नाही, तर दोष कुणाचा, ते तुम्हीच सांगा."

त्यात खोटं काहीच नव्हतं. त्या रोज वाचत होत्या.

मोठ्याबाई भाऊ आणि वहिनीकडे राहत. वहिनी वयाने मोठी, बोलायला फटकळ, करायला मायाळू. सकाळी तिने नेहमीप्रमाणे वाटीत गोळ्या ठेवल्या. लोहाची, कॅल्शियमची, रक्तवाढीची, सगळ्या एकदम.

"घ्या वन्सं, तुमचा फराळ."

"आज नंतर. नेम आज ऑफिसात करायचाय. नेम झाल्याशिवाय तोंडात काही नाही."

"देव काय ऑफिसात हजेरी मांडतो? उपाशीपोटी जाल आणि चक्कर येऊन पडाल. परवा पायरीवर पडता पडता वाचलात."

"पडले तर तू आहेस उचलायला. आता उचलता येते मी."

वहिनीला हसू आलं, पण तिने एक उकडलेलं अंडं डब्यात घातलंच. गोळ्यांची व्यवस्था तिने प्रेमाने ठेवली होती. ऑपरेशननंतर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी दंडात एक इंजेक्शन घ्यावं लागे. मग वहिनीने कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला विचारून रक्तवाढीच्या गोळ्या सुरू केल्या. कोपऱ्यावरच्याच प्रयोगशाळेत रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन तेरा. भाऊ म्हणाला, माझ्यापेक्षा जास्त आहे. मोठ्याबाई म्हणाल्या, मग ती सुई कशाला? सुईसाठी दवाखान्यात दोन बस बदलून जावं लागे. तेव्हापासून पुढच्या प्रत्येक तपासणीत तेराच होतं, आणि सुई पूर्ण बंद होती.

छापखान्यात साहेब, छोटीबाई आणि मिस्तरी टेबलाभोवती जमले. मोठ्याबाईंनी हात धुतले, पुसले, पुस्तक कपाळाला लावलं. पुस्तकातली दोऱ्याची खूण शोधून पान उघडलं. आज एकोणिसावं.

त्या वाचू लागल्या. आवाज शांत, मऊ. दोन्ही हातांची बोटं ओळीवरून सरकत होती, डावा हात पुढची ओळ शोधत, उजवा चालू ओळ संपवत, सव्वीस वर्षांची सवय.

"सकाळ तू दिलीस, मी ती ओंजळीत धरली. सांडली तेवढी जमिनीची, उरली तेवढी माझी. उरली त्यात माझं भागलं, म्हणून तुझी आठवण..."

छोटीबाईंचे डोळे पाणावले. साहेबांनी मान हलवली आणि मिस्तरींकडे पाहिलं, बघा, असं. मिस्तरी मात्र टेबलावर वाकले होते. मिस्तरींना बोटांनी ब्रेल वाचता येत नसे. पण तीस वर्षं टिंबं बघून बघून ते डोळ्यांनी ब्रेल वाचत. एकदा त्यांनी पानाकडे पाहिलं, एकदा मोठ्याबाईंच्या ओठांकडे. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"बाई," ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात ते कधी बोलले नव्हते. "आज कितवं पान म्हणालात?"

"एकोणिसावं."

"बोटाखाली एकविसावं आहे."

मोठ्याबाईंचा आवाज थांबला. बोटं आणखी दोन-तीन अक्षरं पुढे गेली आणि मग तीही थांबली.

"एक कागद जादा उलटला गेलाय," मिस्तरी म्हणाले. "पहिली ओळ अशी आहे: 'वाट विचारली तेव्हा तू नुसता सोबत चाललास.' तुम्ही वाचलं ते इथे कुठेच नाही."

 मोठ्याबाईंनी उजव्या हाताची तर्जनी पानाच्या कोपऱ्यात नेली, जिथे पानाचा आकडा असतो. एकदा फिरवली. दोनदा. मग अंगठा फिरवला, मग करंगळी. कागद खरबरीत लागत होता, एवढं कळत होतं. आकडा नव्हता. जिथे जग होतं तिथे नुसता कागद होता.

"मला पाठ आहे हे पुस्तक," त्या म्हणाल्या. स्वतःलाच सांगितल्यासारखं. "सगळं पाठ आहे. मी वाचतच नव्हते."

छोटीबाईंनी त्यांचा हात धरला. मोठ्याबाईंनी तो सोडवला नाही, पण विचारलं, "तू धरलायस ना? घट्ट?"

"घट्ट धरलाय."

"मला सैल वाटतोय."

दवाखान्यात वहिनी सोबत आली. डॉक्टर बाई होत्या, आवाजावरून तरुण. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं, अगदी चहा आणि कापसापर्यंत. मग म्हणाल्या, "उभ्या राहा. पाय जोडून. आता डोळे मिटा."

"मिटलेलेच आहेत, बाई," मोठ्याबाई म्हणाल्या.

डॉक्टर क्षणभर गोंधळल्या आणि मग तिघीही हसल्या. पण हसता हसताच मोठ्याबाई डावीकडे कलल्या आणि डॉक्टरांनी त्यांना सावरलं. "डोळस माणूस अशा वेळी नजरेने तोल सांभाळतो," त्या म्हणाल्या. "म्हणून त्याला उशिरा कळतं. तुमच्याकडे पायांची जाणीव तेवढीच होती. तुम्हाला आधी कळायला हवं होतं."

"कळत होतं. मी दुसऱ्याच नावाने हाक मारत होते."

मग डॉक्टरांनी लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी टेबलावर वाजवलं आणि त्याची दांडी घोट्याच्या हाडावर टेकवली. "काय वाटतंय?"

"सूर ऐकू येतोय. छान सूर आहे."

"हाडात कंप जाणवतोय?"

मोठ्याबाईंनी लक्ष दिलं. बराच वेळ दिलं. "नाही. नुसता ऐकू येतोय."

गुडघ्यावर कंप थोडा लागला, मनगटावर पुसट, बोटांच्या पेरांवर नाही. जीभ गुळगुळीत, लालभडक होती. डॉक्टरांनी रक्त घेतलं, आणि निकाल यायच्या आधीच पहिलं इंजेक्शन दिलं.

"बी-बारा," त्या म्हणाल्या. "हे जीवनसत्त्व अन्नातून सुटायला जठरातलं आम्ल लागतं, आणि पुढे अंगात शिरायला जठरातलाच एक पदार्थ. तो सोबत असेल तरच आतडं त्याला आत घेतं. तुमचं अन्न आता त्या जठराकडे फिरकतच नाही. म्हणून कितीही अंडी, दूध खाल्लं तरी ते पुरेसं शोषलं जात नाही. यकृतात साठा असतो, तो काही वर्षं पुरतो. तुमचा संपला. मज्जातंतूंवरचं वेष्टण त्याच्याशिवाय टिकत नाही."

"पण रक्त तर तेरा होतं," वहिनी म्हणाली. "दर वेळी तेरा. मी स्वतः कागद आणायचे."

"कुठल्या गोळ्या चालू होत्या?"

वहिनीने पिशवीतून पाकिटं काढली. डॉक्टरांनी एक एक वाचलं आणि रक्तवाढीच्या पाकिटापाशी थांबल्या. "यात लोहाबरोबर फॉलिक अ‍ॅसिड आहे, भरपूर. बी-बारा कमी पडलं की आधी रक्त कमी होतं, आणि त्यावरून आम्हाला कळतं. फॉलिक अ‍ॅसिडने रक्त भरून निघालं, म्हणून घंटा वाजलीच नाही. मज्जातंतूंना मात्र त्याचा काही उपयोग नाही. तिथे झीज चालूच राहिली."

 वहिनीच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या.

"आणि लोह, कॅल्शियम एकत्र देऊ नका. एकमेकांना आत जाऊ देत नाहीत. दोघांत दोन तास ठेवा."

"मी सगळ्या एकाच वाटीत द्यायचे," वहिनी म्हणाली. तिचा फटकळपणा कुठे गेला होता कोण जाणे. "वन्सं, मीच. माझ्या हाताने."

मोठ्याबाईंनी हात पुढे केला. तो आधी टेबलाला लागला, मग वहिनीच्या कोपराला. "रक्त चांगलं राहिलं ते तुझ्यामुळेच. सुई मी बंद केली, बसचा कंटाळा म्हणून. तुझं काही नाही त्यात." मग डॉक्टरांकडे वळून त्यांनी तो प्रश्न विचारला, जो दोन दिवस त्यांच्या मनात होता. "बोटं परत येतील?"

डॉक्टरांनी घाई केली नाही. "जे अलीकडे गेलंय ते येण्याची शक्यता चांगली. जुनं गेलेलं कदाचित नाही. आधी एक दिवसाआड इंजेक्शन, सुधारणा थांबेपर्यंत. मग दर दोन-तीन महिन्यांनी, जन्मभर. सहा महिने, वर्ष लागेल. तांबं, डी, बी-एक, सगळंच तपासते, या ऑपरेशननंतर एकटं काही कमी होत नाही. पण वचन देत नाही."

"वचन नको," मोठ्याबाई म्हणाल्या. "खरं सांगितलंत, पुरे."

साहेबांनी त्यांना रजा दिली आणि जागा भरली नाही. दाब पुन्हा पाचावर आला. शाळेची पानं नव्याने गेली. पहिलं पान वाचायला शाळेतलीच दोन मुलं बसवून घेतली.

घरी पहिले काही दिवस मोठ्याबाई सकाळी हात धुऊन बसायच्या आणि पुस्तक उघडायचं थांबायच्या. एक दिवस वहिनी शेजारी येऊन बसली.

"म्हणा की पाठच. थांबलात कशाला?"

"वहिनी, गेले किती महिने मी देवासमोर पुस्तक धरून बसत होते आणि वाचत नव्हते. मला वाटत होतं मी वाचतेय. म्हणजे इतके दिवस देवाला मी काय दाखवत होते?"

वहिनीने विचार केला. "मी वाटीत गोळ्या ठेवायचे तेव्हा मला वाटायचं, मी तुम्हाला जपतेय," ती म्हणाली. "जपत नव्हते का मग मी?"

 त्या दिवशी मोठ्याबाईंनी नेम बदलला. पाठ असलेलं पुस्तक कपाळाला लावून बाजूला ठेवायचं. नंतर एक पान असं घ्यायचं, जे आपल्याला माहीत नाही. त्यात जेवढी अक्षरं सापडतील तेवढी. एकही नाही सापडलं, तर तसं देवाला सांगायचं आणि मग पहिला घास.

न माहीत असलेलं पान रोज कुठून आणायचं? छोटीबाईंनी निरोप पोचवला, आणि मिस्तरी रोज एक पान छापून छोटीबाईंच्या पिशवीत घालू लागले. काय छापलंय, हे छोटीबाईंनाही सांगायचे नाहीत. "पेपर फोडायचा नाही," म्हणायचे.

पहिले चार महिने मोठ्याबाईंनी देवाला रोज एकच गोष्ट सांगितली: आज नाही. जिभेची आग दोन आठवड्यांत गेली होती, चव परतली होती. वहिनीच्या आमटीत मीठ जास्त असतं, हे त्यांना कितीतरी महिन्यांनी पुन्हा कळलं आणि त्यांनी ते बोलून दाखवलं. मुंग्या आधी वाढल्या. डॉक्टर म्हणाल्या, जागं होताना कधीकधी तसं होतं. तिसऱ्या महिन्यात पायाखालचा कापूस पातळ झाला. अंगणातून चालताना एक खडा टोचला आणि त्या तिथेच उभं राहून हसू लागल्या. शेजारीण म्हणाली, यांना काय झालं?

बोटं सगळ्यात मागे राहिली होती.

पाचव्या महिन्यातल्या एका सकाळी त्यांनी हात धुतले, पुसले. पुस्तक कपाळाला लावून बाजूला ठेवलं. मिस्तरींचं पान समोर घेतलं. डावी करंगळी आणि अंगठा अजून मुकेच होते. उजव्या तर्जनीने ओळीची सुरुवात शोधली.

तिथे काहीतरी होतं. कागदापेक्षा उंच, एवढंच. त्या थांबल्या. मनातलं कुठलंच वाक्य त्यांनी पुढे येऊ दिलं नाही. हल्ली त्यांना पाठांतराचीच भीती वाटायची. फक्त बोट. एक टिंब, बाजूला एक, त्याच्या खाली एक. पुन्हा मागे. पुन्हा पुढे. एका अक्षराला त्या घास चावायच्या तशा तीस वेळा भिडल्या.

"वहिनी," त्यांनी हाक मारली. "कागद-पेन्सिल घे. मी सांगते ते लिही. मध्ये बोलायचं नाही आणि अंदाज करायचा नाही."

वहिनी पदराला हात पुसत आली आणि बसली.

"द," मोठ्याबाई म्हणाल्या. खूप वेळ गेला. "आ." आणखी वेळ. "ब." मग बोट थांबलं, रिकाम्या जागेवरून गेलं, पुढे सापडलं. "प."

चहा गार झाला. भाऊ दारात येऊन उभा राहिला आणि वहिनीने हाताने त्याला थोपवलं. काही अक्षरं मोठ्याबाईंनी सोडून दिली, तिथे वहिनीने रेघ ओढली. दोनदा त्या चुकल्या आणि मागे येऊन स्वतःच दुरुस्त केलं. मग त्यांनी हात उचलला.

"वाच बघू. रेघांच्या जागी थांबून वाच."

वहिनीने कागद लांब धरला. "दाब पाच... आहे. मशीन... बिघाड... नव्हता." तिने परत वाचलं. "हे काय? यात देवाचं काहीच नाही, वन्सं."

मोठ्याबाईंनी दोन्ही हात तोंडावर घेतले. त्या हसत आहेत की रडत आहेत, हे वहिनीला आधी कळेना.

"पाच महिने," त्या म्हणाल्या, "पाच महिने रोज हेच छापत असणार तो माणूस. उद्या विचारते."

मग त्यांनी पान पुन्हा जवळ ओढलं. खाली आणखी एक ओळ होती, तिची सुरुवात तर्जनीला लागत होती. वहिनीने उकडलेलं अंडं पुढे केलं, त्यांनी मानेने नको म्हटलं. ओळ अजून व्हायची होती.